यवतमाळची विहीर अरबी समुद्रात

यवतमाळ शहरातल्या एका विहिरीची जागा नोंदवायची आहे. हातातल्या जीपीएसने ती दाखवली २०° २३′ १८″ उत्तर, ७८° ०७′ १२″ पूर्व अशी. कार्यालयातल्या नकाशाला मीटर लागतात, म्हणून त्याच जागेचे यूटीएम आकडे काढले. ते आले पूर्वेकडे १,९९,३८६ मीटर आणि उत्तरेकडे २२,५७,०८९ मीटर. गणितात कुठेही चूक नाही. नकाशा उघडला तर विहीर दमणच्या पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात.

विहीर मी कल्पनेतली घेतली आहे, आकडे मात्र खरे आहेत. पाणलोट, वनहक्क, झाडांची मोजणी, गावठाणाचा नकाशा, अशा कुठल्याही कामात ज्यांनी शेकडो बिंदू गोळा केले असतील त्यांनी समुद्रातल्या विहिरी पाहिल्या असतील. गंमत अशी की या कामातल्या चुका आपली सही ठेवून जातात. बिंदू किती अंतराने आणि कोणत्या बाजूला सरकला आहे हे पाहिले की नेमके काय चुकले ते बहुतेक वेळा सांगता येते. समुद्रातल्या विहिरीचा उलगडाही तसाच होईल, पण आधी अंश-मिनिटांपासून सुरुवात करू.

अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटे आणि मिनिटाचे साठ भाग म्हणजे सेकंद. जुन्या मराठी पुस्तकांत यांनाच कला आणि विकला म्हणत. संगणकाला हा साठाचा व्यवहार सोयीचा नसतो, त्याला दशांशात एकच आकडा हवा असतो. रूपांतर अगदी सोपे आहे. मिनिटांना ६० ने भागायचे, सेकंदांना ३६०० ने भागायचे आणि दोन्ही अंशांत मिळवायचे. आपल्या विहिरीच्या अक्षांशात २३ भागिले ६० म्हणजे ०.३८३३३३ आणि १८ भागिले ३६०० म्हणजे ०.००५, म्हणून अक्षांश झाला २०.३८८३३३. रेखांशाचे ७ मिनिटे १२ सेकंद म्हणजे बरोबर ०.१२, म्हणून तो ७८.१२. उलट जायचे असेल तर दशांश भागाला ६० ने गुणायचे: ०.३८८३३३ चे होतात २३.३ मिनिटे, आणि उरलेल्या ०.३ ला पुन्हा ६० ने गुणले की १८ सेकंद. एक्सेलमध्ये अंश, मिनिटे, सेकंद तीन वेगळ्या रकान्यांत असतील तर एवढे पुरते:

```
=A2+B2/60+C2/3600
```

तीन वेगळे रकाने ही गोष्ट मात्र सोडू नये. चिन्हांसकट सगळे एकाच रकान्यात लिहिले की कुणी अंशाचे चिन्ह म्हणून शून्य टाकतो, कुणी सेकंदाच्या जागी मिनिटाचे चिन्ह दोनदा टाकतो, आणि मग त्या यादीची साफसफाई करण्यात दिवस जातो.

या पायरीवरची सर्वांत मोठी चूक गणिताची नसते, घाईची असते. २०° २३′ १८″ हे कुणीतरी २०.२३१८ असे लिहून ठेवतो. वहीत ते लिहायला सुटसुटीत दिसते, लिहिणाऱ्याला त्याचा अर्थही माहीत असतो. पण वही दुसऱ्याच्या हातात गेली की तो ते दशांश अंश म्हणून वाचतो. आपली विहीर अशा वाचनात १७ किलोमीटर दक्षिणेला आणि ५ किलोमीटर पश्चिमेला सरकते. वाईट हे की ती त्याच जिल्ह्यात राहते. समुद्रात गेलेला बिंदू लगेच दिसतो. शेजारच्या गावाच्या शिवारात गेलेला बिंदू अहवालात छापून येतो.

ही चूक पकडायची एक युक्ती आहे. मिनिटे आणि सेकंद कधीच ५९ च्या पुढे जात नाहीत. म्हणून यादीतल्या प्रत्येक आकड्यात दशांश चिन्हानंतरचा तिसरा आणि चौथा अंक जोडीने पाहावा. खऱ्या दशांश अंशांत ही जोडी ०० पासून ९९ पर्यंत कुठलीही असू शकते. शंभर बिंदूंच्या यादीत साधारण चाळीस ठिकाणी ती साठ किंवा त्याहून मोठी दिसायला हवी. एकदाही दिसली नाही, तर ते दशांश अंश नाहीत, ठिपका घालून लिहिलेली मिनिटे-सेकंद आहेत. पहिल्या दोन अंकांवरून हे ठरवायला जाऊ नये, कारण सर्वेक्षण एका तालुक्यापुरते असेल तर ते अंक सगळीकडे जवळपास सारखेच असतात.

अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश अंश यांच्या मधोमध लिहिण्याची आणखी एक पद्धत आहे, आणि हातातली बरीच जीपीएस यंत्रे आपण काही न बदलल्यास तीच दाखवतात. तिच्यात अंश पूर्ण असतात आणि मिनिटे दशांशात. आपला अक्षांश अशा यंत्रावर २०° २३.३००′ असा दिसेल. पडद्यावरचे हे २३.३०० वहीत उतरवणारा पटकन ‘२३ मिनिटे ३० सेकंद’ करतो. खरे तर ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद. फरक १२ सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे ३७० मीटरचा. ही चूक मला त्या सतरा किलोमीटरवाल्या चुकीपेक्षा जास्त धोक्याची वाटते. विहीर गावातच राहते, फक्त दुसऱ्याच्या गट क्रमांकात जाते. शिवाय प्रत्येक बिंदूची चूक वेगळी असते: दशांश भाग शून्याच्या जवळ असेल तर काहीच नाही, ०.५९९ असेल तर चोवीस सेकंदांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाऊण किलोमीटर. आणि तो भाग ०.६०० च्या पुढे गेला की वहीत ६० हून जास्त सेकंद दिसू लागतात. यादीत ‘७४ सेकंद’ असा आकडा सापडला तर तो उतरवणाऱ्याच्या निष्काळजीपणावर न ढकलता आधी यंत्राची मांडणी काय होती ते विचारावे.

किती अंक लिहायचे, हाही प्रश्न इथेच येतो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळपास ३१ मीटर आणि रेखांशाचा एक सेकंद म्हणजे २९ मीटर. सेकंद पूर्णांकात लिहिले तर पंधरा मीटरपर्यंतची ढिलाई आपणच आत घेतली. सेकंदाचा एक दशांश अंक लिहिला की ती तीन मीटरच्या आत येते, आणि उघड्या आभाळाखाली साध्या हँडहेल्ड जीपीएसची अचूकताही तीन ते पाच मीटरच असते. दशांश अंशांत पाचवा अंक म्हणजे साधारण एक मीटर, सहावा म्हणजे अकरा सेंटिमीटर. तेव्हा हँडहेल्डच्या नोंदीला पाच अंक पुरे, सहा दिले तरी चालतात. काही याद्यांत नऊ-नऊ अंक असतात. नववा अंक मिलिमीटरचा दहावा हिस्सा सांगतो, आणि विहिरीचे तोंडच दोन-तीन मीटर रुंद असते.

आता मीटर. अंशांत जागा नेमकी सांगता येते, पण अंतर आणि क्षेत्रफळ मोजता येत नाही. यवतमाळजवळ अक्षांशाचा एक अंश ११०.७ किलोमीटरचा आहे आणि रेखांशाचा एक अंश १०४.४ किलोमीटरचा. दोन बिंदूंच्या अंशांची वजाबाकी करून पायथागोरस लावला तर जे उत्तर येते त्याला कोणतेच एकक नसते. यासाठी पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग कागदावर सपाट करावा लागतो आणि सपाट करताना थोडी ओढाताण होतेच. यूटीएम पद्धतीने ही ओढाताण आटोक्यात ठेवण्यासाठी पृथ्वीचे उत्तर-दक्षिण साठ पट्टे केले, प्रत्येक सहा अंश रेखांशाचा. संत्र्याची साल अखंड काढून टेबलावर दाबली तर ती फाटते, पण एका फोडीएवढी अरुंद पट्टी काढली तर ती जवळजवळ सपाट बसते. यूटीएमची कल्पना एवढीच. ती दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकी लष्कराने रूढ केली. तोफांच्या पल्ल्याला अंश नको होते, मीटर हवे होते.

पट्ट्याला झोन म्हणतात. १८०° रेखांशापासून पूर्वेकडे मोजत गेले की ७२° ते ७८° हा झोन ४३ येतो आणि ७८° ते ८४° हा झोन ४४. झोन काढायचे सूत्र छोटे आहे: रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या आणि १ मिळवा.

```
=INT((D2+180)/6)+1
```

विहिरीचा रेखांश ७८.१२. त्यात १८० मिळवले की २५८.१२, भागिले ६ म्हणजे ४३.०२, अपूर्णांक सोडून ४३ आणि एक मिळवून ४४. झोन ४४ च्या मधोमध ८१° चे रेखावृत्त आहे. पूर्वेकडचे अंतर, ज्याला ईस्टिंग म्हणतात, या मध्यरेषेपासून मोजतात. पण मध्यरेषेला शून्य मानले तर तिच्या पश्चिमेकडचे सगळे आकडे उणे होतील, म्हणून मध्यरेषेलाच ५,००,००० मीटर असा मान देऊन टाकला आहे. आपल्या विहिरीचे ईस्टिंग १,९९,३८६ म्हणजे ती मध्यरेषेच्या ३,००,६१४ मीटर पश्चिमेला आहे. उत्तरेकडचे अंतर, म्हणजे नॉर्दिंग, विषुववृत्तापासून मोजतात: २२,५७,०८९ म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला सव्वाबावीसशे किलोमीटरहून थोडे जास्त. दक्षिण गोलार्धात हेच उणे होऊ नये म्हणून विषुववृत्तालाच १ कोटी मीटर मानतात. त्यामुळे आपल्याइतकेच विषुववृत्तापासून दूर, पण दक्षिणेला असलेल्या मॉरिशसमधल्या एखाद्या मराठी मंडळाच्या इमारतीचे नॉर्दिंग ७७ लाखांच्या घरात येते.

आता समुद्रातल्या विहिरीचा उलगडा होतो. १,९९,३८६ हा आकडा कुठल्या मध्यरेषेपासून मोजला आहे हे त्या आकड्यात कुठेही लिहिलेले नाही. साठही झोनमध्ये ५,००,००० वरूनच मोजणी चालते, म्हणून हाच आकडा साठ वेगवेगळ्या जागांचा असू शकतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग झोन ४३ मध्ये येतो. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि सबंध गोवाही. त्यामुळे नकाशाच्या फायलीवर सवयीने ४३ चा शिक्का बसतो. झोन ४४ चे आकडे ४३ चे म्हणून वाचले की बिंदू बरोबर सहा अंश पश्चिमेला जातो, या अक्षांशावर ६२६ किलोमीटर. ७८.१२ मधून सहा गेले, ७२.१२ राहिले, आणि तिथे अरबी समुद्र आहे. उलटी चूक केली, म्हणजे विहीर झोन ४३ मध्ये मोजून ४४ म्हणून वाचली, तर ती ओडिशातल्या कंधमाळच्या परिसरात उगवते. सव्वासहाशे किलोमीटर, आणि तेही सरळ पूर्व किंवा पश्चिमेला, ही झोनच्या चुकीची खूण आहे. दुसरे काही शोधत बसू नये.

विदर्भाला हा प्रश्न जास्त छळतो कारण ७८° ची रेषा त्याच्या अंगावरूनच जाते. यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा झोन ४३ मध्ये पडतात आणि यवतमाळ, पांढरकवडा, वणी झोन ४४ मध्ये. अमरावती शहर ४३ मध्ये, त्याच जिल्ह्यातले धामणगाव आणि वरुड ४४ मध्ये. नांदेड ४३, किनवट ४४. जीपीएस यूटीएमवर लावून कुणी पश्चिमेकडून चालत निघाला तर ईस्टिंग वाढत वाढत ८ लाख १३ हजारांपर्यंत जाते आणि रेषा ओलांडताच एकदम १ लाख ८७ हजारांवर येते. यंत्र स्वतःच झोन बदलते, पडद्याच्या कोपऱ्यात ४३ चे ४४ होते, आणि शेताच्या बांधावर उभ्या माणसाचे तिकडे लक्ष नसते. पुढे कुणीतरी यादी आटोपशीर करण्यासाठी झोनचा रकाना काढून टाकतो. मग रस्त्याच्या अल्याड-पल्याडच्या दोन विहिरींमधले अंतर सव्वासहाशे किलोमीटर निघते.

पडद्यावर झोनपुढे एक रोमन अक्षर दिसते, तेही नीट वाचावे. काही यंत्रे ४४ पुढे Q दाखवतात. तो १६° ते २४° उत्तर या आडव्या पट्ट्याचा संकेत आहे. संगणकावर मात्र ४४ पुढे बहुधा N असतो आणि त्याचा अर्थ नुसता उत्तर गोलार्ध. एकाच जागेचे दोन संकेत पाहून गोंधळायचे कारण नाही, पण Q च्या जागी आपल्या मनाने काही भरू नये.

सर्वेक्षण दोन्ही झोनमध्ये पसरले असेल तर काय करावे? माझे मत स्पष्ट आहे: मूळ नोंद दशांश अंशांत ठेवावी, आणि मोजमापासाठी सगळे बिंदू एकाच झोनमध्ये रूपांतरित करावेत, मग त्यातले काही रेषेपलीकडचे असले तरी चालतील. झोनची हद्द ही भिंत नाही. आपली विहीर झोन ४३ च्या मध्यरेषेपासून मोजली तर ईस्टिंग ८,२५,६८३ आणि नॉर्दिंग २२,५७,५४७ येते, आणि हे आकडे पूर्णपणे वैध आहेत. फक्त यंत्राने आपल्या मर्जीने झोन बदलू नये यासाठी संगणकाला झोन ४३ असे बजावून सांगावे लागते.

इथे एक गोष्ट अनेकांना चकवते. दोन्ही झोनमधले ईस्टिंग वेगळे असणार हे कळते, पण नॉर्दिंगही ४५८ मीटरने वेगळे आहे. विहीर तर हललेली नाही. कारण असे की यूटीएमच्या चौकटीतली उत्तर दिशा फक्त मध्यरेषेवर खऱ्या उत्तरेशी जुळते. मध्यरेषेपासून दूर गेले की रेखावृत्ते तिच्याकडे झुकतात, तर चौकटीच्या उभ्या रेषा एकमेकींना समांतरच राहतात. यवतमाळला झोन ४४ मध्ये हा फरक जवळपास एक अंशाचा आहे, झोन ४३ मध्ये एक अंशाहून थोडा जास्त आणि उलट बाजूचा. अक्षांशाचे वर्तुळही या चौकटीत सरळ आडवे न राहता कडेला वर वळते, आणि मध्यरेषेपासून जास्त लांबच्या झोनमध्ये ते जास्त वळते. म्हणून रेषेवरच्या दोन गावांची नॉर्दिंग तपासताना झोन वेगळे असतील तर वजाबाकी करू नये. आणि चौकटीतून काढलेला कोन शेतात खऱ्या उत्तरेपासून लावला तर किलोमीटरमागे सतरा मीटरने बाजूला जायला होते.

ओढाताणीचा हिशेबही एकदा करून पाहण्यासारखा आहे. यूटीएमने मध्यरेषेवरची सगळी मापे मुद्दाम ०.९९९६ पट केली आहेत, म्हणजे तिथे किलोमीटरमागे ४० सेंटिमीटर कमी दिसतात. यामुळे कडेला होणारी वाढ कमी होते. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण १८० किलोमीटरवर माप अगदी बरोबर येते, आणि त्यापलीकडे ते वाढते. आपली विहीर तीनशे किलोमीटरवर, म्हणून तिथे यूटीएममधला किलोमीटर जमिनीवरच्या किलोमीटरपेक्षा सुमारे ७१ सेंटिमीटरने मोठा. झोन ४३ मधून मोजले तर ९० सेंटिमीटरने. एक हेक्टर शेत झोन ४४ मध्ये १०,०१४ चौरस मीटर भरेल. विहिरींच्या नकाशाला याने काहीच फरक पडत नाही. पण टेपने किंवा टोटल स्टेशनने मोजलेल्या हद्दी आणि यूटीएममधल्या हद्दी जुळत नाहीत म्हणून दोन शेजारी भांडत असतील, तर त्या चौदा चौरस मीटरांचा वाटा आधी बाजूला काढावा.

प्रत्यक्ष रूपांतर हाताने करायची गरज नाही. सूत्रे लांबलचक आहेत आणि संगणक ती क्षणात करतो. नकाशाच्या संगणकप्रणाली प्रत्येक पद्धतीला एक क्रमांक देतात. जीपीएसचे अंश म्हणजे EPSG:4326, झोन ४३ म्हणजे EPSG:32643 आणि झोन ४४ म्हणजे EPSG:32644. शेवटचे दोन अंक झोनचेच आहेत, म्हणून लक्षात राहतात. प्रोज नावाची मोफत प्रणाली संगणकावर असेल तर एका ओळीत काम होते:

```
echo "20.388333 78.12" | cs2cs EPSG:4326 EPSG:32644
```

उत्तरात आधी ईस्टिंग आणि मग नॉर्दिंग येते. या ओळीत अक्षांश आधी दिला आहे, पण सगळ्या प्रणाली तसा क्रम पाळत नाहीत. पुष्कळ ठिकाणी आडवे आधी आणि उभे नंतर, म्हणजे रेखांश आधी मागतात. क्रम उलटा झाला तर यवतमाळचे २० आणि ७८ बदलून ७८ उत्तर, २० पूर्व होतात आणि विहीर नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांपाशी हिमनद्यांच्या शेजारी पोहोचते. ही चूक लपत नाही, ही तिची चांगली बाजू.

न लपणाऱ्या चुकांपेक्षा मला एक बटणाची चूक जास्त वेळा दिसते. क्यूजीआयएससारख्या प्रणालीत फाइलला पद्धत ‘लावणे’ आणि फाइल दुसऱ्या पद्धतीत ‘रूपांतरित करणे’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली आज्ञा (Set Layer CRS) फक्त आकड्यांवर चिठ्ठी चिकटवते, आकड्याला हात लावत नाही. दुसरी (Reproject Layer) आकडे नव्याने मोजून नवी फाइल बनवते. फायलीत अंश आहेत आणि मीटर हवे आहेत, म्हणून कुणी पहिल्या आज्ञेने तिच्यावर EPSG:32644 ची चिठ्ठी लावतो. मग ७८.१२ हे ७८ मीटर ईस्टिंग आणि २०.३८ हे २० मीटर नॉर्दिंग समजले जाते, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरी विषुववृत्तापाशी हिंदी महासागरात एकमेकींवर चढून बसतात. नकाशावर काहीच दिसत नाही, फार दूर जाऊन पाहिले तर एक ठिपका दिसतो. सगळे बिंदू एका ठिपक्यात गोळा झाले की कारण हेच. उपायही सरळ आहे: आधी आकडे ज्या पद्धतीत खरोखर आहेत तिची चिठ्ठी लावायची, मगच रूपांतर करायचे.

एवढे सगळे बरोबर करूनही बिंदू सुमारे दीडशे मीटरने सरकलेले राहतात अशी एक अवस्था आहे, आणि तिचे मूळ विदर्भाच्याच भूगोलात सापडते. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटनने हिंदुस्थानच्या मोजणीचे जे काम सुरू केले, ते साधारण ७८ अंशांच्या आसपासच्या रेखावृत्ताला धरून उत्तरेकडे सरकत गेले. लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेले. पृथ्वीचा आकार किती चपटा आहे याचे त्याने काढलेले मान ‘एव्हरेस्ट १८३०’ म्हणून ओळखले जाते आणि मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचे कल्याणपूर हे त्या मोजणीचे मूळ ठिकाण ठरले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट या मापावर काढलेल्या आहेत. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या मापावर चालतो, ज्यात पृथ्वीचा आकारही थोडा वेगळा आहे आणि तिचा मध्यबिंदूही. जुन्या टोपोशीटवरून वाचलेला २०° २३′ १८″ आणि जीपीएसवरचा २०° २३′ १८″ हे एकाच जमिनीवरचे दोन वेगळे बिंदू आहेत. या भागात त्यांच्यातले अंतर दीडशे मीटरांच्या आसपास असते.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी जी नकाशांची मालिका निघाली ती डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहे. तिच्या शीट क्रमांकातच झोन लिहिलेला असतो. यवतमाळचा क्रमांक F44 ने सुरू होतो, त्यातले ४४ म्हणजे आपलाच झोन. जुन्या शीटचे क्रमांक ५५ सारख्या नुसत्या आकड्याने सुरू होतात. हातात कुठली शीट आहे हे क्रमांकावरून पटकन कळते. जुनी असेल तर रूपांतर करताना प्रणालीला मूळ डेटम कल्याणपूरचा आहे हे सांगावे लागते. ते न सांगता नुसते अंशांचे मीटर केले तर गणित बरोबर येते आणि जागा चुकते.

अशी शंका आली तर शीटवर स्पष्ट दिसणाऱ्या आणि जमिनीवर अजून जागेवर असलेल्या तीन-चार खुणा निवडाव्यात: नदीवरचा जुना पूल, रेल्वे फाटक, दोन रस्त्यांचा चौक, टेकडीवरचा त्रिकोणमितीचा दगड. तळ्याचा काठ किंवा झाड नको. प्रत्येक ठिकाणी जीपीएस पाच मिनिटे स्थिर ठेवून नोंद घ्यायची आणि शीटवरच्या जागेशी तुलना करायची. चारही ठिकाणी सरकलेले अंतर आणि दिशा जवळपास सारखी आली तर दोष डेटमचा आहे आणि एका दुरुस्तीत सगळी यादी सुधारते. प्रत्येक ठिकाणी वेगळी आली तर डेटम निर्दोष आहे. मग वहीतली मिनिटे-सेकंद पुन्हा वाचायला घ्यावीत.